थेंब जिथे थांबतो

आमच्या बदलापूरच्या सोसायटीतले एक कुटुंब गेल्या हिवाळ्यात विशाखापट्टणमला जाऊन आले. तिथून अराकूच्या रेल्वेने डोंगर चढत त्यांनी बोर्रा गुहा पाहिल्या आणि परतल्यावर त्या गुहेतला एक मोठा फोटो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. फोटोत माणसे जेमतेम कोपऱ्यात आहेत. बाकी सगळी जागा छतावरून लोंबणाऱ्या आणि जमिनीवरून वर आलेल्या दगडांनी व्यापली आहे, आणि त्यांच्यावर गुहेत लावलेल्या रंगीत दिव्यांचा हिरवा-तांबडा उजेड पडला आहे. घरातली मुलगी नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने त्याच फोटोची प्रत काढली, पाच ठिकाणी बाण काढले, नावे लिहिली आणि मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असे हे ठाऊक असल्याने ती माझ्याकडे आली. "काका, नावं बरोबर आहेत का, एवढंच बघा."

पाचपैकी तीन नावे बरोबर होती. दोन चुकली होती, पण चुका मोठ्या उद्बोधक होत्या. त्या समजावून सांगताना जे बोलणे झाले, ते थोडे विस्ताराने इथे मांडतो आहे.

आधी नावांविषयी. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत स्टॅलॅक्टाइटला 'अधोमुखी लवणस्तंभ' आणि स्टॅलॅग्माइटला 'ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांत दिशेचा पत्ताच नाही. दोन्ही शब्द ठिबकण्याशी आणि थेंबाशी निगडित आहेत. मराठी नावे मात्र तोंड कुठे आहे ते थेट सांगतात, त्यामुळे पाठांतराच्या युक्त्या लागत नाहीत. एक गोंधळ तेवढा होतो. 'लवण' म्हणजे इथे मीठ नव्हे. रसायनशास्त्राच्या अर्थाने कॅल्शियम कार्बोनेट हेही लवणच, आणि या आकृत्या त्याचीच बनलेल्या असतात. दुसरे असे, की 'स्तंभ' शब्द दोघांनाही लावला असला तरी जमिनीपासून छतापर्यंत पोचलेला खरा खांब ही तिसरीच वस्तू आहे. तिला नुसते 'स्तंभ' म्हणावे. फोटोत या तिन्ही गोष्टी होत्या.

तिन्हींचा कच्चा माल एकच. पावसाचे पाणी झाडांच्या मुळांमधून, मातीतून खाली मुरते. मातीतल्या हवेत मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड वायू बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. तो पाण्यात विरघळतो आणि पाणी सौम्य आम्ल बनते. असे पाणी चुनखडकाच्या भेगांतून उतरताना थोडाथोडा खडक विरघळवून सोबत घेते:

CaCO3 + H2O + CO2 ⇌ Ca(HCO3)2

या समीकरणातले दुतोंडी बाण महत्त्वाचे. खडकात उतरताना क्रिया डावीकडून उजवीकडे चालते. पाणी गुहेच्या छताशी पोचले की उलट दिशा सुरू होते, कारण गुहेतल्या हवेत हा वायू मातीतल्या हवेपेक्षा कमी असतो. सोड्याची बाटली उघडल्यावर फेस येतो, तसा पाण्यातला वायू निसटतो. वायू गेला की तेवढा चुना पाण्यात विरघळून राहू शकत नाही आणि तो कॅल्साइटच्या स्फटिकांच्या रूपाने खडकावर बसतो.

मुलीने प्रकल्पात लिहिले होते, "पाण्याची वाफ होते आणि चुना मागे राहतो." हे पुष्कळांना वाटते, आणि तव्यावर पाणी आटून पांढरा डाग राहतो ते पाहिलेल्या माणसाला तसे वाटणे साहजिकच आहे. पण खोल गुहेत हवा जवळजवळ पूर्ण दमट असते. वाळत घातलेले कपडे तिथे वाळणार नाहीत. मुख्य कारण वाफ होणे हे नसून वायू निसटणे हे आहे. तोंडाजवळ जिथे वारा खेळतो, तिथे बाष्पीभवनाचा हात लागतो आणि तिथल्या आकृत्या बहुधा ठिसूळ, भुसभुशीत निघतात.

आता एका थेंबाकडे पाहू. तो छताला लोंबकळतो आहे, अजून पडलेला नाही. त्याच्या पृष्ठभागातून वायू निसटतो आणि थेंब जिथे छताला टेकला आहे, त्या कडेवर चुन्याचे अतिपातळ वर्तुळ जमते. थेंब पडतो, दुसरा येतो, वर्तुळावर वर्तुळ चढते. अशी एक पोकळ नळी तयार होते. तिची जाडी थेंबाएवढीच, साधारण पाच मिलिमीटर. भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ. आतून पाणी उतरते आणि टोकाशी थांबते. शीतपेयाच्या नळीसारखी दिसणारी ही नळी म्हणजे अधोमुखी लवणस्तंभाचे बालपण. पुढे केव्हातरी नळीत वाळूचा कण अडकतो किंवा स्फटिक वाढून ती बुजते. मग पाणी बाहेरून ओघळू लागते आणि बाहेरच्या अंगाने थर चढतात. वरच्या बाजूला पाणी आधी पोचते, म्हणून तिथे जास्त जाडी, टोकाला कमी. गाजराचा आकार येतो तो असा. तुटलेल्या गाजराच्या मध्यभागी बारीक छिद्र दिसले, की ते त्या मूळ नळीचे.

थेंब पडल्यावर त्याचे काम संपत नाही. छतावर सगळा वायू निसटलेला नसतो. जमिनीवर आपटून थेंब फुटतो, पसरतो, उरलेला वायू सोडतो आणि उरलेला चुना तिथे ठेवतो. इथे नळी होण्याचे कारणच नाही, म्हणून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभात मधले छिद्र नसते. पाणी माथ्यावर पसरून सगळीकडे ओघळते, त्यामुळे माथा गोलसर, बोथट होतो आणि अंग जाड राहते. उभा कापला तर आत एकावर एक घातलेल्या टोप्यांसारखे थर दिसतात. अमरनाथच्या गुहेतले हिमलिंगही छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याचेच, फक्त तिथे चुना बसण्याऐवजी पाणीच गोठते. द्रव्य वेगळे असूनही घडण तीच येते, कारण ती पडणाऱ्या थेंबाने दिलेली असते.

फोटोत ओळखायची पहिली खूण त्यामुळे सोपी आहे: वरचा टोकदार आणि सडपातळ, खालचा बोथट आणि जाड. फोटो उलटा लागला असला, तरी एवढ्यावरून ते कळते. गुहेत शांत पाण्याचे डबके असेल, तर छताचे प्रतिबिंब पाण्यात पडून जमिनीवर टोकदार सुळके उभे असल्याचा भास होतो. जमिनीवर सुळके दिसले आणि त्यांची टोके सुईसारखी असली, तर आधी पाण्याची रेघ शोधावी.

मुलीची पहिली चूक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात होती. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीचा, हंड्यासारखा फुगीर गोळा आहे. तिने त्याला "खाली पडलेला खडक" म्हटले होते. कारण विचारले तर म्हणाली, "वर छताला काहीच लोंबत नाहीये. वरचा नाही तर खालचा कसा होईल?" प्रश्न उत्तम होता. पुस्तकातल्या चित्रात दोघे नेहमी जोडीने काढलेले असतात, एकाखाली एक. प्रत्यक्षात वाटणी थेंबाच्या गतीवर ठरते. थेंब फार सावकाश येत असेल, तर तो छताला बराच वेळ लटकतो, वायू तिथेच निसटतो आणि चुन्याचा मोठा वाटा वरच बसतो. मग वर लांब सुळका आणि खाली जवळजवळ काही नाही. थेंब भराभर पडत असतील, तर छतावर त्यांना थांबायला वेळच मिळत नाही. वर जेमतेम एक उंचवटा आणि खाली भरघोस, रुंद ऊर्ध्वमुखी. फोटो मोठा करून पाहिल्यावर त्या गोळ्याच्या बरोबर वर छतावर मुठीएवढा ओला, चकाकणारा उंचवटा सापडला. गोळ्याच्या माथ्यावरही तशीच ओली चकाकी होती. पडलेल्या खडकाला कोन असतात आणि त्याचे थर वाटेल त्या दिशेला कललेले असतात. हा गोळा गुळगुळीत होता आणि त्याच्या बुडाशी जमिनीवर चुन्याचा पापुद्रा सलग पसरला होता. तो तिथेच वाढला होता.

छताची उंचीही आकारात भाग घेते. उंचावरून पडलेला थेंब जोरात फुटून लांबवर उडतो, म्हणून माथा पसरट होतो. कमी उंचीवरून, सावकाश पडणारा थेंब मेणबत्तीसारखा सडपातळ ऊर्ध्वमुखी घडवतो. खालून ओढा वाहत असेल किंवा मातीचा चिखल वरचेवर धुऊन जात असेल, तर खाली काहीच उभे राहत नाही, वर मात्र सुळक्यांची झालर असते.

दुसरी चूक अधिक फसवी होती. फोटोच्या मध्यभागी छतापासून जमिनीपर्यंत सलग दिसणारा एक खांब होता आणि तिने त्यावर 'स्तंभ' लिहिले होते. खरा स्तंभ डावीकडे होता, त्याला तिने बाण दिलाच नव्हता.

स्तंभ दोन प्रकारे होतो. वरचा आणि खालचा वाढत वाढत एकमेकांना भेटतात, किंवा एकटा वरचा जमिनीला, क्वचित एकटा खालचा छताला जाऊन टेकतो. भेट झाली की एक मोठा बदल होतो: थेंब पडणे बंद होते. पाणी आता वरपासून खालपर्यंत अंगावरून ओघळत जाते आणि सगळ्या बाजूंनी थर चढवते. म्हणून भेटीच्या जागी बहुधा एक कंबर किंवा वळी दिसते, आणि स्तंभ जुना असेल तर तीही नव्या थरांखाली झाकली जाऊन सबंध अंगावर उभ्या पन्हळी उमटतात. डावीकडच्या खांबावर छातीएवढ्या उंचीला कंबर होती, आणि कंबरेच्या वरच्या पन्हळी खंड न पडता खालच्या भागावर उतरल्या होत्या. पाण्याची वाट सलग आहे, याचा तो पुरावा.

मधल्या खांबावर तसे नव्हते. वरचा भाग तांबूस उजेडात होता, खालचा हिरव्या. वरच्याचे टोक निमुळते होत जाते आणि नेमके तिथेच खालच्याचा बोथट माथा सुरू होतो. त्या टोकाशी एक बारीक चमकता ठिपका होता. तो लोंबता थेंब. थेंब लोंबतो आहे, म्हणजे खाली जागा मोकळी आहे. वरचा सुळका मागे होता, खालचा ऊर्ध्वमुखी पुढे, आणि कॅमेऱ्याने दोघांना एका रेषेत आणले होते. तिच्या वडिलांच्या मोबाइलमध्ये दोन पावले बाजूला सरकून काढलेला आणखी एक फोटो निघाला. त्यात दोघांच्या मध्ये हातभर अंतर स्पष्ट दिसले. गुहेत फोटो काढणाऱ्याने एवढे करावे: खांब वाटला, तर दोन पावले सरकून दुसरा फोटो घ्यावा.

आणखी एक फसवा खांब असतो, तो या फोटोत नव्हता. गुहा कोरली जाताना मूळ चुनखडकाचा एखादा भाग विरघळायचा राहून जातो आणि खांबासारखा उभा दिसतो. त्याचे आडवे थर शेजारच्या भिंतीतल्या थरांशी जुळतात. स्तंभात असे आडवे थर नसतात, उभ्या पन्हळी असतात.

"हे व्हायला किती वर्षं लागली?" हा प्रश्न येणारच होता. वाढीचा वेग गुहेगणिक, ऋतूगणिक बदलतो. वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग हा मोघम अंदाज धरला, तर दोन फूट म्हणजे साठ सेंटिमीटर वाढायला सहा हजार वर्षे लागतील. पण लांबीला वेगाने भागून वय काढणे बेभरवशाचे आहे, कारण मधली कित्येक शतके पाणी बंद असू शकते. वय काढायचे, तर कॅल्साइटमध्ये अत्यल्प प्रमाणात अडकलेले युरेनियम आणि त्याच्या ऱ्हासातून झालेले थोरियम यांचे गुणोत्तर मोजतात.

आणि या मोजणीसाठी शास्त्रज्ञ बहुधा ऊर्ध्वमुखीच निवडतात. कारण त्याच्या घडणीतच आहे. अधोमुखीचे थर नळीभोवती वेढे घेतात, पाण्याची वाट मध्येच आतून बाहेर जाते, आणि कुठला थर आधीचा हे सोडवणे किचकट होते. ऊर्ध्वमुखीत थर खालून वर, जुन्यावर नवा, वहीच्या पानांसारखे रचलेले असतात.

बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या थरांवरून इ. स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या मोसमी पावसाचा आलेख तयार करण्यात आला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सिजनचा एक जड प्रकार असतो. मोसमी पाऊस जोरदार असेल, तेव्हा पावसाच्या पाण्यात त्याचे प्रमाण कमी होते. पाऊस रोडावला की वाढते. ते पाणी मुरून गुहेत ठिबकते आणि त्या त्या काळचे प्रमाण थरात कोंडले जाते. या आलेखात चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यास अनेक वर्षे चाललेली तीव्र अवर्षणे दिसतात आणि देशातल्या काही भीषण दुष्काळांच्या काळाशी ती जुळतात. चौदावे शतक सरताना महाराष्ट्रात पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ आपल्याकडे परंपरेने आणि बखरींनी लक्षात ठेवला. त्या काळातल्या पावसाची दुसरी नोंद बस्तरच्या अंधारात एकेक थेंबाने लिहिली जात होती.

म्हणूनच गुहेत आकृत्यांना हात लावू नये, असे सांगतात. बोटांवरचा तेलकटपणा पृष्ठभागावर बसला की पाणी तिथे नीट पसरत नाही आणि त्या जागी चुना बसणे बिघडते. तोडलेला तुकडा तर कुठल्या जागेचा, कुठल्या थेंबाखालचा हे कळेनासे होऊन निरुपयोगीच होतो.

हे सगळे ऐकून मुलगी म्हणाली, "आपल्याकडे का नाहीत अशा गुहा?" आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, लाव्हारसाचा काळा खडक. त्यातले कॅल्शियम सिलिकेट खनिजांत घट्ट बांधलेले असते आणि सौम्य आम्लाने चुनखडकासारखे विरघळून जात नाही. कर्जतजवळची कोंडाणे लेणी पाण्याने झालेली नाहीत, ती छिन्नीने कोरलेली आहेत. एवढे सांगून मी थांबलो, तर ती म्हणाली, "पण आपल्या पार्किंगमध्ये आहेत की."

आम्ही खाली गेलो. पार्किंगच्या छताच्या वर मोकळे अंगण आहे आणि त्यात झाडांचे वाफे आहेत. त्यांना बारा महिने पाणी घातले जाते. त्या वाफ्यांच्या खाली, स्लॅबच्या एका भेगेच्या रेषेत पंधरा-वीस पांढऱ्या पोकळ नळ्या लोंबत होत्या. काही करंगळीएवढ्या, एक वीतभर. खाली उभ्या केलेल्या गाडीच्या टपावर पांढरे ठिपके पडले होते आणि ते धुऊन जात नव्हते. इमारत दहा वर्षांचीही नाही. मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तर वीतभर नळीला जवळपास दोन हजार वर्षे हवीत.

रूप तेच, रसायन वेगळे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरीचा चुना, तयार होतो. तो पाण्यात चुनखडकापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. झिरपणारे पाणी तो घेऊन छताखाली येते आणि इथे थेंब वायू सोडत नाही, हवेतून घेतो:

Ca(OH)2 + CO2 → CaCO3 + H2O

चुना जास्त आणि हवेत वायू मुबलक, म्हणून वाढ गुहेच्या शेकडो पट वेगाने होऊ शकते. खाली ऊर्ध्वमुखी फारसे दिसत नाहीत, कारण गाड्या फिरतात आणि झाडू मारला जातो. कोपऱ्यात मात्र नाण्याएवढे पांढरे उंचवटे होते. तो थेंब तीव्र अल्कधर्मी असतो, तेव्हा त्याला बोट लावू नये, डोळ्यात तर मुळीच जाऊ देऊ नये.

गुहेत हे डोंगराच्या देण्यातून घडते. इथे तो चुना आपल्या स्लॅबमधून जातो आहे. काँक्रीटमधल्या चुन्याच्या अल्कधर्मीपणामुळे आतल्या लोखंडी सळ्यांवर संरक्षक थर टिकून असतो. चुना धुपत गेला आणि पाणी व हवा सळ्यांपर्यंत पोचली की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब देतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. स्लॅब कोसळल्याच्या बातम्या उल्हासनगरपासून आपल्यापर्यंतच्या पट्ट्याला नव्या नाहीत. नळ्या दिसल्या म्हणजे स्लॅब उद्या पडेल, असे नव्हे. पाणी आरपार येते आहे, एवढे त्या निश्चित सांगतात. धोका पुढे गेला आहे का, ते इतर खुणांवरून कळते: नळ्यांशेजारी तांबूस ओघळ, सळीच्या रेषेत समांतर चीर, छत ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज. आमच्याकडे पांढऱ्या नळ्या होत्या, एका ठिकाणी फिकट तांबूस डागही होता.

सोसायटीच्या सभेत नळ्या खरवडून छताला रंग द्यावा, असा ठराव यायचा होता. रंगाने नळ्या दिसेनाशा झाल्या असत्या आणि पाणी दुसरी वाट शोधत राहिले असते. उपाय वरच्या बाजूला, वाफ्यांच्या तळाशी आहे: माती काढून पाण्याचा निचरा आणि जलरोधक थर दुरुस्त करणे, मग भेग भरणे, आणि तांबूस डागाच्या जागी काँक्रीट उघडून सळी तपासणे. हे संरचना अभियंत्याकडून करून घ्यावे लागते आणि त्याला रंगापेक्षा बराच जास्त खर्च येतो.

मुलीने प्रकल्पात दोन नावे दुरुस्त केली आणि शेवटच्या पानावर पार्किंगचा फोटो चिकटवला. बोर्राच्या फोटोसारखाच त्यालाही बाण होता. बाणापुढे तिने लिहिले: "अधोमुखी. अजून पोकळ. टोकाला थेंब आहे." त्या पानाची एक प्रत सभेत फिरली. रंगाचा ठराव पुढे ढकलला गेला आहे आणि या दिवाळीनंतर वाफे उपसायला घ्यायचे ठरले आहे.